शेऱ्याची शिस्त

चेक न वटता परत आला की बँक त्याच्यासोबत एक छोटी चिठ्ठी देते. तिला रिटर्न मेमो म्हणतात. चेक का परत आला हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण ते कारण काउंटरमागच्या माणसाने आपल्या मनाने रचलेले नसते. चेक परत करण्याची कारणे बँकांनी एका सामाईक यादीत बांधून घेतली आहेत आणि प्रत्येक कारणाला दोन आकडी क्रमांक दिला आहे. 01 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 02 म्हणजे बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त आहे. 12 म्हणजे सही जुळत नाही. 20 म्हणजे चेक देणाऱ्यानेच पैसे थांबवायला सांगितले आहे. चेक गिरगावातल्या शाखेवरचा असो की गडचिरोलीतल्या, 01 चा अर्थ बदलत नाही.

ही यादी नसती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा. एका शाखेने ‘शिल्लक कमी’ लिहिले असते, दुसरीने ‘बॅलन्स नाही’, तिसरीने ‘पैसे अपुरे असल्याने परत’. चिठ्ठी हातात घेणाऱ्याला तिन्हींचा अर्थ कळला असता. पण या महिन्यात पैसे नसल्यामुळे किती चेक परत गेले, एवढा साधा प्रश्न कोणी विचारला असता, तर उत्तर देण्यासाठी कोणालातरी सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून वाचाव्या लागल्या असत्या.

आपल्या कार्यालयांमध्ये या कारणाला एक जुना शब्द आहे : शेरा. रजिस्टरच्या अगदी उजव्या कडेला शेऱ्याचा रकाना असतो आणि त्यात ज्याला जे सुचेल ते लिहिले जाते. कागदी रजिस्टरात हे खपून जात होते, कारण ते वाचणारा माणूस होता. आता तोच रकाना संगणकात गेला आहे. त्याच्यावरून आपोआप आलेख निघतात, मासिक अहवाल तयार होतो, साहेबांच्या पडद्यावर डॅशबोर्ड दिसतो. शेरा मात्र अजून रजिस्टरात लिहावा तसाच लिहिला जातो. मी अर्जांच्या छाननीसाठी संगणक प्रणाली बनवण्याचे काम करतो. माझ्या अनुभवात अहवाल बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हा रकानाच असतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गरजू मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचे हे काम होते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतो. हजार अर्ज आले असे धरू. प्रत्येक अर्जाची छाननी होऊन तीनपैकी एक निकाल लागायचा : पात्र, अपात्र किंवा त्रुटी. त्रुटी म्हणजे कागद पूर्ण केले तर अर्ज पुन्हा पाहता येईल. काही तपासण्या प्रणाली स्वतः करायची, काही कार्यालयातली माणसे करायची, आणि दोघेही निकालापुढे कारण लिहायचे. हजारांपैकी 300 अर्ज अपात्र किंवा त्रुटीत निघाले. विश्वस्तांना हवे होते एवढेच, की हे 300 कशाकशामुळे अडकले ते एका पानावर दिसावे, म्हणजे पुढच्या वर्षी शाळांना आधीच सूचना देता येतील.

ते पान पडद्यावर उघडले तेव्हा त्यावर शंभराहून जास्त पट्ट्या होत्या. बहुतेक पट्ट्यांची उंची एक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक अर्जाचे कारण जगात एकमेव होते.

पहिला दोष लगेच सापडला आणि तो आमचाच होता. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली की आम्ही लिहिलेली प्रणाली असा शेरा टाकायची : ‘उत्पन्न 2,61,400 रुपये, मर्यादा 2,50,000 पेक्षा जास्त’. मुलाच्या घरी पाठवायच्या पत्रासाठी हे वाक्य चांगले आहे, कारण त्यात नेमके काय झाले ते कळते. मोजणीसाठी मात्र ते निरुपयोगी आहे. संगणक गट पाडतो तेव्हा मजकूर अक्षर न् अक्षर जुळतो का एवढेच पाहतो. 2,61,400 वाला एक गट, 2,61,500 वाला दुसरा. उत्पन्नामुळे 80 अर्ज अडकले असतील आणि त्या 80 घरांचे उत्पन्न वेगवेगळे असेल, तर 80 पट्ट्या उभ्या राहणार. नाव, तारीख, रक्कम, अर्ज क्रमांक यांपैकी काहीही कारणाच्या ओळीत शिरले की हेच होते. जी गोष्ट अर्जागणिक बदलते तिला कारणात जागा नाही. तिच्यासाठी शेजारी वेगळा रकाना हवा.

दुसरा दोष सापडायला वेळ लागला, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असे मला वाटते. संस्थेच्या कार्यालयप्रमुख बाईंनी एका ठिकाणी बोट ठेवून विचारले, “अहो, या चारही ओळी एकच आहेत की! मग चार वेळा कशाला दाखवता?” खरेच, चार पट्ट्यांखाली एकच कारण दिसत होते : ‘दुसऱ्याचे बँक खाते’. विद्यार्थ्याऐवजी काकाचे किंवा शेजाऱ्याचे खाते दिलेले असले की हा शेरा पडायचा. आम्ही चारही ओळी मोठ्या करून पाहिल्या. कुठे जादा मोकळी जागा नव्हती, काना-मात्रा चुकलेली नव्हती. डोळ्यांना चारही ओळी सारख्याच दिसत होत्या.

फरक होता टंकलेखनात. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र, म्हणजे य च्या पोटाला लागून येणारी ती आडवी रेघ, संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते. काही कळफलक त्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. काही साधा र घेतात, हलन्त लावतात आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे, पण आत साठवलेले संकेत वेगळे. ‘बँक’ या शब्दाचेही तसेच आहे. कोणी ब वर चंद्रबिंदू देतो, तर कोणी आधी अर्धचंद्र आणि त्यावर अनुस्वार असे दोन टप्पे करतो. बहुतेक फाँटमध्ये दोन्ही इतके सारखे दिसतात की मुद्रितशोधकालाही शंका येणार नाही. दोन शब्द, प्रत्येक लिहिण्याच्या दोन पद्धती, म्हणजे दोन गुणिले दोन. बाईंच्या चार ओळी इथून आल्या होत्या. कार्यालयात तीन माणसे तीन वेगवेगळ्या कळफलकांवर टंकत होती आणि एक जण मोबाइलवरून लिहीत होता.

अशा वेळी जाणकार युनिकोडचे प्रमाणीकरण करायला सांगतात. ते करावे, पण त्यावर विसंबू नये. र खाली नुक्ता देऊन कोणी ऱ बनवला असेल, तर प्रमाणीकरण त्याला खऱ्या ऱ मध्ये मिळवते. जोडचिन्हवाला र मात्र ते मिळवत नाही, ‘बँक’ ची दोन रूपेही मिळवत नाही. ‘ॲप’ सुरुवातीच्या एकाच अक्षराने लिहिले आणि अ वर अर्धचंद्र देऊन लिहिले, तरी तेच. या जोड्या प्रमाणीकरणाच्या लेखी वेगळ्याच राहतात. माणसाने दरवेळी नव्याने मराठी टंकावी आणि संगणकाने ती एकसारखी मानावी ही अपेक्षाच चूक आहे.

तिसरा दोष लांबीचा. अहवालाच्या एका प्रतीत विश्वस्तांना वाचायला मिळाले : ‘बँक खाते आधारशी जोडलेले’. त्यापुढे आकडा होता. एका विश्वस्तांनी साहजिकच विचारले, की खाते आधारशी जोडलेले असेल तर मुलाला नाकारले का? मूळ शेरा होता ‘बँक खाते आधारशी जोडलेले नाही’. अहवाल बनवणारा भाग कारणाची ओळ 64 बाइटवर कापत होता. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीत 64 अक्षरांचे वाक्य त्यात मावते. देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला नेहमीच्या साठवणीत तीन तीन बाइट लागतात. ‘बँक खाते आधारशी जोडलेले’ एवढ्याचे 63 बाइट होतात, पुढच्या मोकळ्या जागेचा एक, झाले 64. ‘नाही’ बाहेर राहिले.

हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. मराठीत वाक्याचा नकार शेवटी येतो. ‘जुळत नाही’, ‘सादर केलेले नाही’, ‘आढळले नाही’. कापणारा नेहमी उजवीकडून कापतो, म्हणून मराठी वाक्य कापले की सगळ्यात आधी नकारच जातो आणि उरलेला मजकूर अर्थपूर्ण पण उलटा असतो. आलेखाखालच्या अरुंद जागेतही असेच होते. तिथे आणखी एक गोष्ट घडते. सरकारी वळणाची कारणे बहुधा सारख्याच शब्दांनी सुरू होतात : ‘अर्जदाराने सादर केलेले उत्पन्नाचे प्रमाणपत्र…’, ‘अर्जदाराने सादर केलेले रहिवासी प्रमाणपत्र…’. कापल्यावर सगळ्या पट्ट्यांखाली ‘अर्जदाराने सादर के…’ एवढेच उरते.

चौथा दोष माणसांच्या शब्दांचा. एकाच गोष्टीला कोणी ‘दाखला जुना’ लिहीत होते, कोणी ‘दाखल्याची मुदत संपली’, कोणी ‘नवीन दाखला आणावा’. यातला तिसरा शेरा मला सर्वांत जास्त त्रासदायक वाटतो, कारण तो मुळात कारणच नाही, ती सूचना आहे. पहिल्या दोघांनी काय आढळले ते सांगितले, तिसऱ्याने आता काय करा ते सांगितले. ‘नवीन दाखला आणावा’ हा शेरा दाखला जुना असला तरी पडेल, फाटलेला असला तरी पडेल, चुकीच्या कार्यालयाचा असला तरी पडेल. त्यावरून मागे कारणाकडे जाता येत नाही. कारणाच्या रकान्यात फक्त आढळलेली गोष्ट लिहायची, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून करायला हवा होता.

मग आम्ही काय केले? शेरा रकाना दोन भागांत तोडला. एका भागात यादीतला ठराविक कोड, दुसऱ्यात मोकळा तपशील. एका अर्जाची नोंद अशी दिसू लागली :

```
verdict : INELIGIBLE
reason  : INCOME_OVER_LIMIT
detail  : उत्पन्न 2,61,400; मर्यादा 2,50,000
```

कोड रोमन लिपीत का, असे मला विचारले गेले, आणि प्रश्न रास्त होता. मराठी संस्थेच्या प्रणालीत मराठी कारण का नको? माझे उत्तर असे, की कोड माणसाने वाचण्यासाठी नसतोच. तो फक्त जुळवण्यासाठी असतो, आणि जुळवण्यासाठी अशी अक्षरे घ्यावीत जी एकाच पद्धतीने टंकता येतात. माणसाला दिसणारे मराठी नाव एका वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहिलेले असते. पडद्यावर, अहवालात, आलेखाखाली, सगळीकडे तेच उचलले जाते. ‘बँक’ कोणत्याही पद्धतीने टंकलेले असो, ते एकाच ठिकाणी असल्यामुळे दुसऱ्या रूपाशी त्याची गाठ पडत नाही. उद्या नाव सुधारावेसे वाटले तर एका जागी सुधारायचे. जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही.

ती मराठी नावेही आम्ही बसून ठरवली. दोन ते चार शब्द, क्रियापद शक्यतो नको, ज्या वस्तूबद्दल बोलतो ती आधी आणि तिची स्थिती नंतर : ‘उत्पन्न मर्यादेबाहेर’, ‘उत्पन्न दाखला जुना’, ‘बँक खाते दुसऱ्याचे’, ‘आधार जोडणी नाही’. शेवटच्या नावात नकार पुन्हा शेवटी आला आहे, पण सगळी ओळ 41 बाइटची असल्यामुळे ती कापली जात नाही. सगळी नावे एकाच घडणीची असली की अहवालात ती एकाखाली एक आल्यावर डोळा भराभर खाली सरकतो. ‘दाखला जुना’ नंतर ‘अर्जदाराने खाते क्रमांक चुकीचा दिला’ असे आले की तो अडखळतो.

असा विचार करणारे आम्ही पहिले नव्हतो. मोठमोठ्या संकेतस्थळांचा पसारा चालवणारी कुबर्नेटीस नावाची प्रणाली आहे. तिच्यात एखादा भाग नीट चालला आहे की नाही हे नोंदवताना स्थितीसोबत `reason` आणि `message` असे दोन वेगळे रकाने ठेवलेले आहेत. `reason` मध्ये मोकळ्या जागेला परवानगीच नाही, तिथे `CrashLoopBackOff` सारखा एक सलग शब्द लिहायचा. `message` मध्ये हवे तर पूर्ण वाक्य लिहा, त्या प्रसंगाचा तपशील द्या. पहिला रकाना मोजण्यासाठी आणि एका ओळीत दाखवण्यासाठी, दुसरा माणसाने वाचण्यासाठी, असे तिच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे. बँकांच्या मेमोवरचे दोन आकडेही याच जातीचे आहेत.

कोड ठरले, यादी झाली, पट्ट्या शंभरावरून दहावर आल्या. इथे काम संपले असे वाटले होते, पण खरा चकवा पुढे होता. आमच्या प्रणालीत तपासण्या ओळीने व्हायच्या : आधी उत्पन्नाचा दाखला, मग बँक खाते. पहिल्या तपासणीत अर्ज अडला की प्रणाली तिथेच थांबायची आणि एक कारण लिहून पुढच्या अर्जाकडे वळायची. अहवालात दिसायचे : जुना दाखला 120, बँक खाते 60. विश्वस्तांनी त्यावरून शाळांना दाखल्याबद्दल सूचना दिल्या. समजा पुढच्या वर्षी एकही दाखला जुना आला नाही, आणि बाकी सगळे तसेच राहिले. तरी बँक खात्याचा आकडा 60 वर राहणार नाही. दाखल्यात अडलेल्या 120 मुलांपैकी 30 जणांचे खातेही चुकीचे असेल, तर आता ती 30 मुले दुसऱ्या तपासणीपर्यंत पोहोचतील आणि तिथे अडतील. आकडा 90 होईल. अहवाल वाचणाऱ्याला वाटेल की बँकेचा प्रश्न दीडपट झाला. प्रत्यक्षात एकही खाते नव्याने चुकलेले नाही.

यावर घाईने सुचणारा उपाय म्हणजे सगळी कारणे एकाच ओळीत जोडून लिहिणे : ‘दाखला जुना, खाते दुसऱ्याचे’. तो करू नये. दहा कारणे असतील तर त्यांच्या एकत्र येण्याच्या 1,023 तऱ्हा होतात, आणि क्रम पाळला नाही तर त्याहून कितीतरी जास्त. सगळी शिस्त एका स्वल्पविरामाने मोडते. आम्ही कारणांसाठी वेगळा तक्ता केला. एका अर्जाला जितकी कारणे, तितक्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत एकच कोड. त्यांतले पत्रात सर्वांत आधी सांगायचे कारण कोणते, याची खूण शेजारी. मग अहवालात दोन वेगळे आकडे देता आले : किती अर्ज अडले, आणि कोणते कारण एकूण किती अर्जांत सापडले. दुसऱ्या आकड्यांची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त येते. ती तशी का येते, हे अहवालाच्या खाली एका वाक्यात लिहावे लागते, नाहीतर दरवेळी कोणीतरी बेरीज चुकली म्हणून फोन करते.

यादी केली की तिच्यात ‘इतर’ हा पर्याय येतोच. तो काढून टाकला तर माणसे जवळपासचे कोणतेही चुकीचे कारण निवडतात, म्हणून तो ठेवावा. पण ‘इतर’ निवडणाऱ्याने तपशिलाचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जाऊ देऊ नये. आणि ते तपशील दर आठवड्याला कोणीतरी खरोखर वाचावेत. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली तर तिला स्वतःचा कोड द्यावा. ‘इतर’ ची पट्टी वाढू लागणे हे यादी जुनी झाल्याचे लक्षण आहे. आमच्याकडे अशाच वाचनातून कळले की मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असते. त्यासाठी यादीत जागाच नव्हती.

निवडीच्या यादीत पहिले कारण आधीपासून निवडलेले असले की दमलेला माणूस तेच राहू देतो, हीही एक गोष्ट ध्यानात आली. एका माणसाच्या नोंदींत यादीतले पहिलेच कारण इतरांपेक्षा खूप जास्त वेळा दिसत असेल, तर त्याच्या टेबलावर वेगळे अर्ज येतात की तो यादी उघडतच नाही, हे विचारावे. सुरुवातीला काहीच निवडलेले नसावे, हा त्यावरचा साधा इलाज.

कोडचा अर्थ मात्र कधीही बदलू नये. ‘दाखला जुना’ म्हणजे एक वर्षाहून जुना, असे जूनपर्यंत होते आणि जुलैपासून तीन वर्षे झाले, तर त्याच कोडखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि आलेखात जुलैला अचानक उतार दिसतो. जुना कोड बंद करावा, नवा सुरू करावा, दोघांपुढे तारखा लिहाव्यात. बंद केलेला कोड पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरू नये. यादीत कोण भर घालू शकते हेही ठरलेले असावे. आमच्याकडे तो अधिकार त्या कार्यालयप्रमुख बाईंकडे आहे, प्रणाली लिहिणाऱ्यांकडे नाही, आणि ते योग्यच आहे. अर्ज रोज हाताळणाऱ्याला दोन कारणांतला खरा फरक कळतो.

आखूड कारणाची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि त्यासाठी पुन्हा चेककडे वळतो. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधले कलम 138 चेक न वटल्याबद्दल शिक्षा सांगते, आणि त्याच्या शब्दांत दोनच कारणे आहेत : खात्यात पुरेसे पैसे नसणे, आणि बँकेशी ठरलेल्या रकमेपेक्षा चेक मोठा असणे. मेमोवर 01 किंवा 02 असेल तर प्रश्न नाही. पण मेमोवर ‘सही जुळत नाही’ असेल तर? चेक देणारा म्हणू शकतो, की हे कारण कायद्यात नाही, मी सुटलो. लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट मान्य केली नाही. मेमोवरचे शब्द काहीही असोत, पैसे देण्याची तजवीज न ठेवता चेक परत जाईल अशी व्यवस्था केलेली असेल तर ते प्रकरण कलम 138 खाली येऊ शकते, आणि तसे होते की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या हकिकतीवरून पाहायचे.

म्हणून तपशिलाचा रकाना कोडइतकाच जपावा लागतो. कोडवरून आपण अर्ज मोजतो, पण एखादी मुलगी आपला अर्ज का नाकारला असे विचारत दारात उभी राहिली तर तिला `INCOME_OVER_LIMIT` दाखवून भागत नाही. तिला उत्पन्न किती धरले, ते कोणत्या दाखल्यावरून धरले आणि दाद कुठे मागायची हे सांगावे लागते. आमच्या प्रणालीत पत्राचा मजकूर कोडवरून निवडला जातो आणि त्यातल्या रिकाम्या जागा तपशिलातून भरल्या जातात. त्यामुळे पत्र पूर्ण वाक्यांत जाते आणि अहवाल दहा पट्ट्यांचा राहतो.

तुमच्या संस्थेत, शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यालयात असा निकाल आणि शेरा लिहिला जात असेल, तर प्रणाली सांभाळणाऱ्याला एवढे तीन ओळींचे काम करायला सांगा :

```
SELECT reason, COUNT(*)
FROM decisions
GROUP BY reason ORDER BY 2 DESC;
```

तक्त्याची आणि रकान्याची नावे तुमच्याकडे वेगळी असतील, ती बदलून घ्यावीत. आलेल्या यादीच्या वरच्या टोकाकडे पाहू नका, थेट खालच्या टोकाला जा. एकदाच आलेली कारणे किती आहेत ते मोजा, आणि त्यांतली पहिली वीस मोठ्याने वाचा.